दिवा हिरवा होता

कम्युनिकेशनच्या पेपरला लिंक बजेटचं एक गणित ठरलेलं असतं. ट्रान्समिटर पॉवर एवढी, अँटेना गेन एवढे, अंतर एवढं, फ्रिक्वेन्सी एवढी, तर रिसीव्हरला किती पॉवर मिळेल? सहा मार्क. सूत्र पाठ असेल आणि कॅल्क्युलेटरचा सेल शाबूत असेल तर सहापैकी सहा. मलाही मिळाले होते. त्याच सूत्राने पुढे आमच्या घरचा एक पंप जळाला, त्याची ही हकीकत. मंडळी, यात शिकवण्याचा आव काही नाही. जिथे मी चुकलो तिथे तुम्ही चुकू नये एवढंच.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वारणेच्या बाजूला. सगळं ऊसपट्ट्यातलं. घर गावठाणात आणि विहीर शेतात, घरापासून सरळ रेषेत २.४ किलोमीटरवर. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे गावाकडच्या मुलांना सांगायला नको. मोटरला ऑटो स्विच आहे, त्यामुळे लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. पण सुरू झालेली मोटर पाणी ओढतेय की कोरडीच फिरतेय, हे ऑटो स्विचला कळत नाही. म्हणून आबा रात्री बारा-एकला बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे. पावसाळ्यात बांधावर साप. आई जागीच राहायची, ते परत येईपर्यंत.

मोबाइलवर चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात, पण टॉवर आमच्या विहिरीपासून टेकडीच्या पलीकडे. तिथे रेंज आली तर आली. घर ते विहीर मात्र मध्ये टेकडी नाही, इमारत नाही, नुसती सपाट रानं. सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला. विहिरीवर एक डबा, त्यात लोराचं रेडिओ मॉड्यूल, सोलर पॅनेलवर चार्ज होणारा एक लिथियम सेल आणि मोटरच्या वायरवर करंट मोजणारी क्लिप. पंपाला पाणी नसलं की मोटरवर लोड राहत नाही आणि करंट नेहमीपेक्षा खाली येतो, त्यावरून मोटर कोरडी फिरतेय हे ओळखायचं. घरी दुसरा डबा. पाणी चालू असेल तर हिरवा दिवा, मोटर कोरडी असेल तर लाल दिवा आणि भोंगा. विहिरीवरचा डबा दर १० मिनिटांनी एक निरोप पाठवणार.

फ्रिक्वेन्सी ८६६ मेगाहर्ट्झ. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. तिथे ट्रान्समिटरला १ वॉटपर्यंत पॉवर चालते. मला तेवढी लागणारच नव्हती. मी २५ मिलिवॉट वापरायचं ठरवलं आणि हॉस्टेलच्या टेबलावर हिशोब मांडायला बसलो.

लिंक बजेट हा खरोखरच जमाखर्च आहे. पॉवरची पटीत होणारी वाढ-घट डेसिबलमध्ये मांडली की गुणाकार-भागाकार जाऊन नुसती बेरीज-वजाबाकी उरते. ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट. १ मिलिवॉट म्हणजे ० डीबीएम धरलं की माझे २५ मिलिवॉट झाले १४ डीबीएम. ही जमेची पहिली रक्कम. दोन्ही टोकांचे अँटेना प्रत्येकी २ डीबीचे. अँटेना काही नवीन पॉवर तयार करत नाही. वर-खाली वाया जाणारी ऊर्जा आडव्या दिशेला वळवतो, तेवढाच त्याचा फायदा. एकूण जमा १८.

खर्चाच्या बाजूला वाटेतला तोटा, म्हणजे पाथ लॉस. सूत्र सगळ्यांच्या वहीत आहे:

```
L = 32.44 + 20 log10(f_MHz) + 20 log10(d_km)
  = 32.44 + 58.75 + 7.60 = 98.8 dB
```

१८ वजा ९८.८, म्हणजे घरी पोचणार उणे ८१ डीबीएम.

आता रिसीव्हरला किती पुरतं ते बघायचं. त्याचंही गणित सोपं आहे. साध्या तापमानाला निसर्गाचा स्वतःचा गोंगाट दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम असतो. आपली बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, त्याचे अधिक ५१. रिसीव्हर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो, त्याचे अधिक ६. बेरीज उणे ११७. ही झाली जमिनीची पातळी. साधा रेडिओ या पातळीच्या वर असलेलंच ऐकतो. लोराचं वैशिष्ट्य असं की तो एकेक निरोप लांब ताणून म्हणतो, आणि त्यामुळे गोंगाटाच्या खाली गेलेला निरोपही ओळखू येतो. किती ताणायचं ते स्प्रेडिंग फॅक्टर ठरवतो. सगळ्यात जलद म्हणजे एसएफ ७ घेतला तर गोंगाटाच्या ७.५ डीबी खालपर्यंत ऐकू येतं. म्हणजे रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी साधारण उणे १२४.५ डीबीएम.

या आकड्याचा अर्थ एकदा डोळ्यासमोर आणून बघा. निघताना १४ आणि ऐकू येण्याची हद्द उणे १२४. वाटेत पॉवरचा साठ लाख कोटीवा भाग उरला तरी चालतंय! आणि मला तर उणे ८१ मिळणार होते. हातात मार्जिन ४३ डीबी. रूमपार्टनर म्हणाला, "एवढ्यात तुझ्या विहिरीवरनं आमच्या गावापर्यंत जाईल रे." महिन्याच्या एक तारखेला मेसचे पैसे भरूनही खिशात पैसे खुळखुळावेत, तशी माझी अवस्था.

मार्च २०२४, होळीची सुट्टी. नुकतीच उसाची तोड होऊन गेलेली, रान मोकळं. विहिरीजवळच्या स्टार्टरच्या खांबाला दीड मीटर उंचीवर डबा बसवला, त्यालाच अँटेना. घरी स्लॅबवर ६ मीटर उंचीवर अँटेना आणि तिथून खाली माजघरात ठेवलेल्या डब्यापर्यंत १० मीटर केबल. चालू केलं. पहिला निरोप आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र लॅपटॉपकडे बघत बसलो होतो:

```
RSSI -105  SNR 9.5
```

उणे ८१ यायला पाहिजे होते, आले उणे १०५. २४ डीबी गायब. म्हणजे हिशोबाच्या अडीचशेवा भाग पॉवर पोचत होती. निरोप येत होते हे खरं, पण चोवीस डीबी गेले कुठे?

सुट्टी संपल्यावर वही घेऊन कम्युनिकेशनच्या सरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "केबल कुठली?" आरजी ५८. "या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्धा डीबी खाते ती. दहा मीटरला पाच. लिहिलेस?" नव्हते लिहिले. केबल म्हणजे माझ्या दृष्टीने वायर, आणि वायर म्हणजे फुकट.

मग त्यांनी माझ्या सूत्रावर बोट ठेवलं. "याला काय म्हणतात?" फ्री स्पेस पाथ लॉस. "म्हणजे कुठला?" मी गप्प. ते म्हणाले, "हे सूत्र फ्रीस यांनी १९४६ साली मांडलं ते मोकळ्या अवकाशासाठी. चारी बाजूंना काही नाही, खाली जमीनसुद्धा नाही. तुझी विहीर हवेत आहे का रे?"

त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक विहिरीवरच्या अँटेनापासून घराच्या अँटेनापर्यंत सरळ, दुसरी मध्ये जमिनीला टेकून उसळून जाणारी. अगदी आडव्या कोनात जमिनीवर आपटलेली लहर जवळपास पूर्ण परत फिरते, पण उलटी होऊन. जिथे चढ होता तिथे उतार. आता या दोन वाटांच्या लांबीत फरक किती? दोन्ही उंचींचा गुणाकार दुप्पट करून अंतराने भागायचा. दीड गुणिले सहा, त्याची दुप्पट अठरा, भागिले २४००. उत्तर साडेसात मिलिमीटर! लहरीची लांबी मात्र ३५ सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही लहरी जवळपास एकाच वेळी पोचतात आणि त्यातली एक उलटी असते. दोघी एकमेकींना खोडतात. जे उरतं ते साडेसात मिलिमीटरच्या फरकापुरतं.

अशा ठिकाणी तोट्याचं सूत्रच बदलतं:

```
L = 40 log10(d) - 20 log10(h1 × h2)      (d, h1, h2 in metres)
  = 135.2 - 19.1 = 116.1 dB
```

फ्रिक्वेन्सी सूत्रातून गेली आणि उंची आत आली. अंतर दुप्पट केलं तर मोकळ्या अवकाशात ६ डीबी जातात, इथे १२ जातात. उलट, कुठल्याही एका अँटेनाची उंची दुप्पट केली तर ६ डीबी परत मिळतात. हे सूत्र अंतर बऱ्यापैकी असेल तेव्हाच लागू होतं. माझ्या उंचींना ते साधारण शंभर मीटरच्या पुढे लागू होत होतं, आणि मी तर २४०० वर होतो.

नव्याने हिशोब केला. जमा १८, केबलचे ५ गेले, वाटेचे ११६ गेले, उरले उणे १०३. मोजलेले उणे १०५. दोन डीबी कनेक्टरबिनेक्टरमध्ये गेले असतील. हिशोब जुळला आणि तरीही हातात १९ डीबी मार्जिन उरत होतं. मी खूश. वही मिटून उठलो तर सर म्हणाले, "ऊस किती उंच होतो रे तुमच्याकडे?"

"तीन मीटर होतो सर, चांगला असला तर."

"आणि अँटेना दीड मीटरवर. ऑक्टोबरात परत मोज."

मी हो म्हणालो. मग सबमिशन आलं, परीक्षा आली, गॅदरिंग आलं. ऑक्टोबर आला तेव्हा मी मोजलं नाही.

घरी मात्र सगळं छान चालू होतं. मे महिन्यात दोनदा लाल दिवा लागला, दोन्ही वेळा आबा वेळेत पोचले. हळूहळू त्यांनी रात्रीचं उठणं सोडलं. झोपताना दिवा बघायचे, मध्येच जाग आली तर दिवा बघायचे, हिरवा असला की कूस बदलायचे. आईने मला फोनवर सांगितलं, "तुझ्या डब्यानं माझी झोप परत दिली बघ." हॉस्टेलवर हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, ते विचारू नका.

ऑक्टोबर २०२४, दुसरा आठवडा. पाऊस ओसरलेला, ऑक्टोबर हीट सुरू, आणि नेमकी रात्रपाळीची लाईट. सकाळी आठला आबांचा फोन. आबा सकाळी फोन करत नाहीत.

"पंपाचं सील जळलं. पाणी खाली गेलं व्हतं, फूटव्हॉल्व्ह उघडा पडला. पहाटंपासनं कोरडाच फिरत व्हता."

"भोंगा वाजला नाही?"

"न्हाई."

"लाल दिवा?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "दिवा हिरवा व्हता की रं. रातीला दोनदा उठून बघितला मी."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त जे होतं ते सांगितलं. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये नवा निरोप आला की दिवा बदलायचा आणि निरोप आलाच नाही तर जुनाच दिवा तसाच राहायचा. निरोप येणार नाहीत ही शक्यता मी धरलीच नव्हती. कशाला धरू? एकोणीस डीबी होते ना हातात!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. घरच्या डब्यात मेमरी कार्ड होतं, त्यात प्रत्येक निरोपाची वेळ, SNR, सेलचे व्होल्ट आणि निरोपाचा अनुक्रमांक. आधी SNR बद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सिग्नल गोंगाटाच्या खाली गेला की RSSI फसवा होतो, कारण तो सिग्नल आणि गोंगाट दोन्ही मिळून मोजतो आणि उणे ११७ च्या आसपास येऊन घुटमळतो. सिग्नल चांगला असताना उलटं. तेव्हा SNR दहाच्या आसपास अडकतो आणि RSSI खरं सांगतो. म्हणून कडेला आलेली लिंक SNR वर बघायची, आणि एसएफ ७ साठी कडा म्हणजे उणे ७.५.

मार्चमध्ये आकडे ९-१० होते. जूनपर्यंत तसेच. जुलैपासून दर आठवड्याला थोडे थोडे खाली. ऑक्टोबरात भर दुपारी उणे ३. म्हणजे सिग्नल उणे १२० डीबीएमवर आला होता. उसाने पंधरा डीबी खाल्ले होते. निरोप तरीही पोचत होते, म्हणून कुणाला काही कळलं नाही. रात्री अकरापासून आकडा आणखी उतरायचा, उणे ५, उणे ६, उणे ७, आणि पहाटे तीन-साडेतीनला निरोप बंद. सकाळी आठच्या सुमाराला परत सुरू. आठवडाभर रोज हेच.

पहिला संशय सेलवर गेला. सोलरवर चालणारा डबा पहाटे बंद पडतो म्हटल्यावर कुणालाही तेच वाटेल. पण त्या रात्रीचा शेवटचा निरोप ३ वाजून ४० मिनिटांचा, अनुक्रमांक ४१२. सकाळचा पहिला निरोप ७ वाजून ५० मिनिटांचा, अनुक्रमांक ४३७. मध्ये २५० मिनिटं, दर १० मिनिटांना एक म्हणजे बरोबर २५ निरोप. डबा एकदाही बंद पडला नव्हता. बंद पडून परत सुरू झाला असता तर अनुक्रमांक एकपासून मोजला गेला असता. सेलही सकाळी ३.८ व्होल्टवर ठणठणीत होता. विहिरीवरचा डबा रात्रभर ओरडत होता, 'पाणी नाही, पाणी नाही', आणि घरी कुणाला ऐकू येत नव्हतं.

मग पहाटे तीन ते आठ काय असतं? दुसऱ्या दिवशी पहाटे मीच विहिरीवर गेलो. उसाच्या सरीतून शंभर पावलं चाललो तर शर्ट-पँट चिंब. दव! ऑक्टोबरातलं दव. ८६६ मेगाहर्ट्झला पडता पाऊस जवळपास काहीच करत नाही, पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे. पण पानापानांवर साचलेलं पाणी ही वेगळी गोष्ट. वाळलेल्या पानापेक्षा ओलं पान कितीतरी जास्त ऊर्जा शोषतं. त्या चार-पाच डीबींनीच दुपारचा उणे १२० पहाटे उणे १२५ वर नेला. सेन्सिटिव्हिटी उणे १२४.५. अर्ध्या डीबीने पंप जळला म्हणा ना.

लॉग पुन्हा चाळला तर दोन रात्री अशा सापडल्या की पहाटे एकही निरोप चुकला नव्हता. आईला विचारलं. तिच्या लक्षात होतं, त्या रात्री ढग होते आणि वारं सुटलं होतं. ढगाळ आणि वाऱ्याच्या रात्री दव पडत नाही. माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

एक गोष्ट मला आधी कोड्यात टाकत होती. अडीच किलोमीटर ऊसच ऊस असताना तोटा फक्त पंधरा-वीस डीबीच कसा? मीटरमागे अगदी दहावा भाग डीबी धरला तरी शेकड्यात जायला हवा. पण लहर उसातून आरपार अडीच किलोमीटर जातच नाही. ती अँटेनाभोवतीच्या उसातून कशीबशी वर निसटते आणि पुढे शेंड्यांवरून निघते. म्हणून तोटा अंतराबरोबर वाढत न जाता एका मर्यादेला थांबतो. आणि म्हणूनच उपाय सोपा होता. अँटेना शेंड्यांच्या वर काढायचा.

उपाय ठरवण्याआधी मात्र या वेळी तिन्ही पर्यायांचा जमाखर्च मांडला. पॉवर वाढवायची तर हे मॉड्यूल २० डीबीएमपर्यंत जातं, म्हणजे चौपट पॉवर आणि मिळकत फक्त ६ डीबी. निरोप हळू म्हणायचा, म्हणजे एसएफ १० घ्यायचा, तर मिळकत ७.५ डीबी, पण माझा दहा बाइटचा निरोप ४१ मिलिसेकंदांऐवजी २८९ मिलिसेकंद हवेत राहणार, सेलचा खर्च सातपट. दोन्हींनी या वर्षीचा ऑक्टोबर निभावला असता, पण जेमतेम. तिसरा पर्याय, विहिरीवरचा अँटेना दीड मीटरवरून ६ मीटरवर. जमिनीच्या सूत्रातून १२ डीबी मिळणार, आणि ऊस खालीच राहिल्यामुळे तिथे जाणारे वीसही वाचणार. सेलला काहीच तोशीस नाही.

मोठा पाइप आणण्याआधी खात्री करून घेतली. लांब बांबूला डबा बांधला, आबांनी आणि मी तो विहिरीच्या कठड्याशी उभा धरला, आई घरी स्क्रीन बघत फोनवर. फोनला रेंज येत-जात होती, पण एवढं ऐकू आलं: "दहा म्हणतंय! आधी उणे चार म्हणत हुतं, आता दहा!"

मग जीआय पाइप उभा केला, अर्थिंग केलं. रेडिओचा डबाच पाइपाच्या टोकाला बसवला, म्हणजे वर जाणारी केबल नको. घरचा डबाही माजघरातून स्लॅबवर नेला आणि खाली फक्त दिव्याच्या आणि भोंग्याच्या वायरी आणल्या. केबलचे पाच डीबी वाचले. आता दोन वाटांतला फरक साडेसात मिलिमीटरवरून तीन सेंटिमीटर झाला होता. वाटेचा तोटा १०४, जमा १८, हिशोबाने उणे ८६. मोजले तर उणे ८९. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऊस परत डोक्यावर असताना, या वेळी न विसरता मोजलं. पहाटे, भर दवात, उणे ९३. मार्जिन ३१ डीबी.

आणि प्रोग्रॅममध्ये चार ओळी बदलल्या. सलग तीन निरोप आले नाहीत की हिरवा-लाल दोन्ही दिवे बंद आणि भोंगा थांबून थांबून वाजणार. मार्जिन कितीही ठेवलं तरी एखादी रात्र ते पुरणार नाही. त्या रात्री दिव्याने खोटं बोलू नये.

पेपरात गणित येतं तेव्हा शेवटची ओळ असते, 'रिसीव्ह्ड पॉवर सेन्सिटिव्हिटीपेक्षा जास्त आहे, म्हणून लिंक शक्य आहे'. ती ओळ मी आता लिहितो, पण हात थोडा अडखळतो. ते गणित त्या क्षणाचं असतं. माझं मार्चचं गणित मार्चमध्ये बरोबरच होतं. मार्जिन म्हणजे उरलेली शिल्लक असं मी समजत होतो. ती ऊस, दव आणि अजून लक्षात न आलेल्या खर्चासाठी आधीच बाजूला काढलेली रक्कम आहे. तिच्यातला कुठला डीबी कोणासाठी ठेवलाय हे आता मी वहीत नावानिशी लिहून ठेवतो.

जून २०२५ मध्ये एका रात्री भोंगा थांबून थांबून वाजला. दोन्ही दिवे बंद. आबा पुन्हा बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर गेले. उंदराने सोलर पॅनेलची वायर कुरतडली होती आणि सेल संपला होता. मोटर व्यवस्थित पाणी ओढत होती. विनाकारण हेलपाटा झाला म्हणून मी फोनवर माफी मागायला लागलो, तर म्हणाले,

"हेलपाटा कसला त्यात? त्याला ठावं न्हवतं, तर ठावं न्हाई म्हणाला. आता खरं बोलतोय तुझा डबा."